सूचना : शनिवारच्या बैठकीसाठी रजेच्या अर्जाची आठवण

सर्व भगिनींना नमस्कार. शनिवारी सायंकाळी ५ वाजता आपण 'रजेचा अर्ज' या विषयावर बसणार आहोत. प्रत्येकीने एक आठवण सांगायची आहे. माझी आधीच लिहून ठेवते.

वऱ्हाडातल्या शाळेत मी सातवीची वर्गशिक्षिका होते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा आणि अर्जांत एकच वाक्य असायचं, 'ताप आल्यामुळे'. एका मुलीने मात्र लिहिलं होतं :

'बाई, मला ताप आलेला नाही. उद्या दुसरी वेचणी आहे. आईला किलोवर पैसे मिळतात, मी गेले तर जास्त भरतं. परवा येईन असं नक्की सांगता येत नाही. उद्या कविता शिकवू नका, गणित घ्या. गणित मी कोणाकडूनही उतरवून घेईन. आपली आज्ञाधारक.'

खाली पालकाच्या सहीच्या जागी आईचा अंगठा, पेनाच्या शाईचा, थोडा फिसकटलेला.

मी रजा मंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी गणित घेतलं. ती पाचव्या दिवशी आली. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिची बोटं नखांशी चिरली होती, पेन नीट धरवत नव्हतं. त्या दिवशी मी कविता शिकवली. लिहून घ्या म्हटलं नाही, फक्त म्हणायला लावली.

तो अर्ज अजून माझ्याजवळ आहे, शनिवारी आणते. तुमच्याकडे असा कागद असेल तर जरूर आणा, मात्र मुलाचं नाव झाकून.