कापलेल्या पाकिटाची मुदत कोणी वाचायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फार्मासिस्ट आहे आणि काउंटरच्या आतल्या बाजूने हे लिहितो आहे. हल्ली बरेच लोक पूर्ण पाकीट न घेता सहा-आठ गोळ्या कापून मागतात. त्यात गैर काही नाही. पण बॅच नंबर, मुदत आणि छापील किंमत बहुधा पाकिटाच्या एकाच टोकाला असते. तो तुकडा पहिल्या गिऱ्हाइकाला गेला की उरलेल्या पाकिटावर नुसतं औषधाचं नाव राहतं. म्हणून कापताना नेहमी कोऱ्या टोकाकडून कापावं आणि छापील टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवावं, अशी रीत आहे. घाईत ती मोडते. तुमच्या हातात कोरा तुकडा येणार असेल, तर पैसे देण्याआधी "मूळ पाकीट दाखवा" म्हणा. दुकानदाराला राग येण्याचं कारण नाही.

छापील टोकावर ओळी अगदी दाटीवाटीने असतात. 'बी. नं.' म्हणजे बॅच. 'एम. एल.' हा कंपनीचा उत्पादन परवाना. तो प्रत्येक पाकिटावर सारखाच असतो, तरी पुष्कळजण तोच बॅच म्हणून सांगतात. उत्पादनाची तारीख आणि मुदत एकाखाली एक असतात, त्यामुळे वरची वाचून "हे तर संपलंय" म्हणत परत येणारेही भेटतात. मुदत 03/2027 असेल तर औषध 31 मार्च 2027 पर्यंत चालतं, 1 तारखेला बाद होत नाही. शाई न वापरता नुसते ठसे उमटवलेले असतील, तर पाकीट उजेडात तिरपं धरा किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

आता बिल. बिलातली बॅच आणि पाकिटावरची बॅच जुळली पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट कोणी पाहत नाही. न जुळण्यामागे दर वेळी लबाडी असते असं नाही. संगणक ज्या बॅचची मुदत आधी संपते ती आपोआप उचलतो, आणि माणसाचा हात कपाटातलं पुढचं पाकीट उचलतो. पण परिणाम तुम्हालाच भोगावे लागतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी जाहीर करते, ती बॅचनुसार. बिलात चुकीचा नंबर आणि घरात कोरा तुकडा असेल, तर आपली गोळी त्या यादीत आहे की नाही हे कळायला मार्गच उरत नाही. उरलेल्या गोळ्या परत करायला गेलात, तर दुकानदार "ही आमच्या बिलातली नाही" म्हणतो, तेही याच कारणाने.

किमतीचं एक उदाहरण देतो. 14 गोळ्यांच्या पाकिटावर 112 रुपये छापलेत, सर्व करांसह. म्हणजे गोळी 8 रुपयांना आणि सहा गोळ्या 48 रुपयांना. सुटं दिलं म्हणून यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि वर जीएसटी लावणं तर सरळ चूक आहे. पण पाकीट जुनं असेल तर 48 रुपयेही जास्तच. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत 100 रुपये धरली, तर तेच पाकीट आता 105 ला पडतं, गोळी साडेसातला आणि सहा गोळ्या 45 ला. त्या तारखेआधीच्या मालावर नवं लेबल चिकटवण्याची सक्ती नव्हती, विक्री मात्र सुधारित किमतीनेच व्हायला हवी. औषधाची मुदत दोन-तीन वर्षं असते, त्यामुळे असा माल अजूनही कपाटात आहे. उत्पादनाची तारीख पाहायची ती यासाठी.

साठवणुकीची सूचनाही कापलेल्या तुकड्यावरून जाते, आणि ती पाळली तरच छापील मुदत खरी. इन्शुलिनच्या कुपीवर 2 ते 8 अंश लिहिलेलं असतं आणि गोठवू नका असंही असतं. तरी फ्रीजमध्ये बर्फाच्या खणाला चिकटून ठेवलेली कुपी मी पाहिली आहे. एकदा गोठलेलं इन्शुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. कुपीवरची मुदत न उघडलेल्या कुपीची असते. उघडल्यावर बहुतेक प्रकार सुमारे चार आठवडेच चालतात, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने कुपीवर लिहावी.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं, तर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या 1800 111 255 या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे बिल लागतं. "बिल कशाला, पाच गोळ्या तर आहेत" असं आमच्यापैकी कोणी म्हणालं, तरी ते मागून घ्या.

आपला,
एक फार्मासिस्ट, सातारा