घरबसल्या रेकॉर्डिंगची सूचना लिहिणाऱ्या दादांना

दादा, स.न.वि.वि.

मंडळाच्या गजराचे भाग घरी रेकॉर्ड करून पाठवा, अशी तुमची सूचना आली. मिक्सिंग तर तुम्ही करताच, पण आभार मानायचे आहेत ते त्या सूचनेचे. कारण ‘असं करा’च्या पुढे ‘का’ तेही तुम्ही लिहिलंत.

सगळ्यांचे भाग एकमेकांशी जुळवायला सगळ्यात कामाची ठरली ती टाळी. ऐकत गाण्यासाठी दिलेल्या पेटी-पखवाजाच्या ट्रॅकच्या सुरुवातीला एक टाळी आणि मग चार मोकळी आवर्तनं. आठ मात्रांचा ठेका, मिनिटाला 96 मात्रा, म्हणजे आवर्तन पाच सेकंदांचं आणि हाताशी वीस सेकंद. टाळी आपण वाजवायची नाही. एका फोनवर ट्रॅक लावायचा, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग सुरू करायचं, हेडफोन त्याच्या माइकपाशी धरून ट्रॅकमधलीच टाळी टिपायची आणि मग तो कानाला लावायचा. हाताने वाजवलेली टाळी प्रत्येकाची थोडी मागेपुढे पडते, ही पडत नाही. हेडफोन ब्लूटूथचा असला तरी आवाजाला लागणारा उशीर टाळीला आणि गाण्याला सारखाच, म्हणून जुळणी बिघडत नाही. शेवटची चढती लय ट्रॅकमधल्या पखवाजातच घेतलीत हेही बरं केलंत, नाहीतर प्रत्येकजण आपल्या उत्साहाने चढला असता.

एक कान उघडा ठेवायला सांगितलंत, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की सूर ढळतो. पण मोकळी बाजू डोक्याला दाबून धरा, हे कोण सांगतं? तिथून पेटी गळाली की ती गायकाच्या आवाजात मुरते आणि मग काढता येत नाही.

टाळ फक्त दोघांनी, फोनपासून सहा फुटांवरून वाजवायचे, हे काही टाळकऱ्यांना लागलं खरं. पण दहा जणांचे टाळ केसभर मागेपुढे पडले तरी ठोका हरवतो आणि नुसता छणछणाट उरतो. जवळून वाजवले तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये शिवता येत नाही. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ही तसाच: झील धरणाऱ्या सगळ्यांनी ठासून म्हटला तर गारा पडल्यासारखा वाजतो. तो बुवांनी स्पष्ट म्हणायचा, बाकीच्यांनी मऊ.

घरच्या पेट्या बंद ठेवायला लावल्यात तेही योग्यच. दोन पेट्या ‘काळी एक’च्या म्हटल्या तरी क्वचितच तंतोतंत जुळतात, आणि लांब सुरावर आवाज डुलायला लागतो.

पुढच्या सूचनेत पखवाजासाठी दोन ओळी घाला. फोन मधोमध ठेवला की शाई ठणठणीत येते आणि धुमा दबतो. तो धुम्याच्या बाजूला हातभर अंतरावर ठेवला की तोल बराच सुधारतो. आणि फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, हे ठळक अक्षरांत लिहा. व्हॉइस नोट केली की आवाज दाबला जातो.

आपले,
मंडळातील गायक, पेटीवाले, पखवाजी आणि (न रुसलेले) टाळकरी