सूचना : मंडळाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकल्यास

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कार्यालयातील लेझर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद वरून हिसका देऊन ओढू नये. फाटलेला तुकडा आत राहिला की पुढचा प्रत्येक कागद त्याच जागी अडकतो.

आधी स्विच बंद करून वायर काढावी आणि अर्धा तास थांबावे, कारण मागच्या बाजूचा फ्यूझर फार तापलेला असतो. मग ट्रे पूर्ण बाहेर काढावा, टोनर काढून उजेड लागू नये म्हणून कापडाखाली झाकावा. कागदाच्या दोन्ही कडा दोन हातांनी धरून, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सावकाश सरळ ओढावा. फाटलाच, तर तुकडे जुळवून पाहावेत. कोपरा कमी असेल तर तो आतच आहे.

कागद ट्रेमधून उचललाच जात नसेल, तर रबरी रोलर पाहावा. तो गुळगुळीत, चकचकीत दिसला तर पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने फिरवत पुसावा आणि वाळू द्यावा. पुसूनही घसरत असेल तर रोलर बदलावा लागेल, कार्यालयात कळवावे.

एकदम दोन-तीन कागद जात असतील, तर दोष बहुधा कागदाचा. बडोद्याच्या पावसाळ्यात उघडे रिम दमट होते. ८० जीएसएमचाच कागद वापरावा, उरलेला प्लास्टिकमध्ये बंद ठेवावा. एका बाजूने छापलेले, दुमडलेले किंवा पिनेचे कागद (बचत म्हणूनसुद्धा!) ट्रेमध्ये घालू नयेत.

— कार्यालय व्यवस्था