बाबांचा खांदा आणि आईची मान

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांच्या गळ्यात तो मानेचा पट्टा पाहिला आणि फोन ठेवल्यावर माझं कामात लक्ष लागेना. फोनवर सगळं सांगता येत नाही, आवाज तुटतो, बाबा मध्येच "बरं आहे गं" म्हणून विषय मिटवतात. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू मोठ्याने वाच, बाबांनी शेवटपर्यंत ऐकावं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "मानेच्या एक्स-रेत मणक्यात गॅप निघालाय, नस दबली आहे, म्हणून खांदा दुखतो." एक्स-रे तुम्ही मला पाठवलात, मी तो नीट पाहिला. झीज आहे, खोटं नाही. पण तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात. या वयात ज्याची मान कधीच दुखली नाही त्याचा एक्स-रे काढला, तरी बहुतेक वेळा असाच येतो. केस पिकतात तसे मणकेही पिकतात. तेव्हा फोटोत झीज दिसली एवढ्यावरून दुखणं तिथूनच येतंय असं म्हणता येत नाही. दुखणं कुठे आहे, कशाने वाढतं आणि कशाने थांबतं, हे त्या फोटोपेक्षा जास्त सांगतं. रोज क्लिनिकमध्ये मी आधी तेच विचारते.

आणि आपल्या घरात तर दोन्ही दुखणी होऊन गेली आहेत. आई, तीन वर्षांपूर्वीचं तुझं आठवतंय? शिलाई मशीनवर दोन आठवडे सलग बसलीस आणि मग तुझी खरोखरच मानेतली नस दबली. तेव्हा मी विचारलं होतं, "कुठे दुखतं, दाखव." तू एका बोटाने मानेपासून रेघ ओढलीस. खवाट्यावरून दंडावर, कोपराच्या खाली, मनगटावरून थेट अंगठ्यापर्यंत. अंगठा आणि पहिलं बोट सारखं मुंग्यांनी भरलेलं असायचं. वर फळीकडे बघितलंस, किंवा मान त्या बाजूला वळवून मागे नेलीस, की वीज गेल्यासारखी कळ हातात उतरायची. आणि रात्री तू हात उचलून डोक्यावर ठेवून झोपायचीस, कारण तसं ठेवलं की बरं वाटायचं. हात वर गेला की नसेवरचा ताण सैल पडतो, म्हणून.

आता बाबांचं बघा. शनिवारी मी तोच प्रश्न विचारला, तेव्हा बाबांनी बोटाने रेघ ओढली नाही. डावा पंजा उघडून उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूवर, खांद्याच्या चार बोटं खाली, अख्खा ठेवला आणि म्हणाले, "इथे. आत. खोल." कोपराखाली काही नाही, बोटांत मुंग्या नाहीत. उजव्या कुशीवर वळलं की दहा मिनिटांत ठणका सुरू, दोन वाजता उठून बसावं लागतं. आणि हात डोक्यावर ठेवून झोपायचं तर सोडाच, तिथपर्यंत नेतानाच कळ येते. आईला ज्याने आराम पडायचा त्यानेच बाबांना त्रास होतो. माझ्या मते हे दुखणं खांद्याचंच आहे.

आत काय होतंय ते सांगते. खांद्याचा गोळा एका उथळ बशीत बसलेला असतो. तो घसरू नये म्हणून चार लहान स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात, त्यांच्या कंडरा मिळून गोळ्यावर बाहीच्या कफसारखं आवरण होतं. म्हणून त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली वरची कंडरा खांद्याच्या हाडाच्या छपराखालून जाते. वयाने ती थोडी विरलेली असतेच, त्यात दिवाळीआधी तुम्ही तीन दिवस हात वर करून जळमटं काढलीत, माळा रिकामा केलात, छताला रंगाचा हात मारलात. एवढं काम तिला वर्षभरात कधी पडलं नव्हतं. ती चिडली, तिच्यावरची पाण्याच्या पिशवीसारखी मऊ गादीही सुजली. दिवसा हात खाली लोंबत असतो तेव्हा तिथे थोडी जागा असते. रात्री त्याच कुशीवर झोपलात की अंगाचं सगळं वजन त्या सुजलेल्या जागेवर येतं. म्हणून हे दुखणं रात्रीचं आणि कुशीवरचं.

शनिवारी मी तुमच्याकडून जे करून घेतलं, त्यामागचं कारण तेव्हा सांगायचं राहिलं. हात बाजूने हळूहळू वर न्यायला लावला, तेव्हा सुरुवातीला काही नव्हतं, खांद्याच्या उंचीच्या आसपास तुमचा चेहरा आखडला, आणि कानाच्या वर गेल्यावर पुन्हा सैल झाला. मधल्याच टप्प्यात दुखणं ही कफची खूण. मग कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर ढकलायला सांगितला आणि आईला बाहेरून आत दाबायला लावलं, तेव्हा उजव्या हाताचा जोर डाव्यापेक्षा कमी पडला आणि दंडात तीच ओळखीची कळ आली. मान मात्र चारही दिशांना फिरवली, वर बघितलंत, उजवीकडे वळवून मागे नेलीत, तर नुसती आखडल्यासारखी वाटली, हातात काहीच उतरलं नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आणखी एक शंका होती. तुम्हाला साखर आहे, आणि साखरेच्या माणसाचा खांदा गोठतो फार. म्हणून आईला सांगितलं की बाबांनी हात सैल सोडायचा आणि तू उचलायचा, मग कोपर अंगाशी ठेवून बाहेर वळवायचा. खांदा गोठलेला असता तर दुसऱ्याने नेलेला हातही अर्ध्यात अडला असता. तुमचा पूर्ण गेला. पण यापुढे दुखतं म्हणून हात अंगाशी बांधल्यासारखा ठेवलात तर तो गोठायला वेळ लागणार नाही.

एक मात्र मान्य करते. मानेतली वरची एक नस दबली तर ती बोटांत मुंग्या न आणता नुसती खांद्यावर दुखू शकते. काहींना मान आणि खांदा दोन्हीचं असतं. मी स्क्रीनवरून बघितलंय, हात लावून नाही. म्हणून मानेचा एक्स-रे घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना एवढंच म्हणा, "खांदा तपासून बघा." खांद्याची सोनोग्राफी लगेच नको. साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या खांद्यातही कंडरा फाटलेली दिसते, मग घाबरायला नवं कारण मिळतं. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर काढू.

आता पट्टा. तो काढून ठेवा. खांद्याला त्याचा उपयोग नाही आणि दिवसभर बांधून मान मात्र कमजोर होईल.

झोपण्याचं आजपासून बदला. पाठीवर झोपा आणि उजव्या दंडाखाली, कोपरापासून वरपर्यंत, टॉवेलची चार बोटं जाड घडी ठेवा, म्हणजे कोपर गादीत मागे पडणार नाही. हात पोटावर ठेवा. पाठीवर झोप येत नसेल तर डाव्या कुशीवर, आणि छातीशी एक मोठी उशी कवटाळून उजवा हात तिच्यावर, नाहीतर तो पुढे लोंबतो आणि तीच कंडरा ताणली जाते. डोक्याखाली एकच उशी, मान सरळ राहील एवढी. दोन उश्यांची सवय सोडा.

व्यायाम सध्या एकच. दाराच्या चौकटीजवळ उभं राहायचं, उजवं कोपर काटकोनात वाकवून अंगाशी, मध्ये छोट्या नॅपकिनची गुंडाळी. हाताची मागची बाजू चौकटीला लावून बाहेर ढकलायचं, अर्ध्याच ताकदीने, हात हलू न देता. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसाएवढंच हवं. वाढलेलं असेल तर जोर कमी करा, बंद करू नका. दोन आठवड्यांनी रबरी पट्ट्याचा पुढचा व्यायाम दाखवते. हे बरं व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर आठव्या दिवशी तुम्ही म्हणाल उपयोग नाही. मालीशवाल्याला हात ओढू देऊ नका. शेक घेतलात तर हरकत नाही.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र थांबवा. त्यातल्या बऱ्याच रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, तुम्हाला दोन्ही जपायला हवं. पॅरासिटामॉल किती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा. कोणी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर साखरेचं आधी सांगा. त्याने काही आठवडे रात्र सुखाची जाते, पण पहिले काही दिवस साखर चढते, तेव्हा रोज मोजावी लागेल.

आई, आता तुझ्यासाठी. पुढच्या गोष्टींत मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस. बाबा पडले आणि नंतर हात उचलताच येईना, तर एक-दोन दिवसांत डॉक्टर. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागली, चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर ते मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना. आणि खांदा हलवून काही फरक पडत नाही, पण चालल्यावर खांदा-दंड भरून येतो, घाम फुटतो, धाप लागते, तर ते हृदय असू शकतं, मग तो उजवा खांदा का असेना. सरळ १०८ लावायचा.

तुझी मान अडीच महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरी झाली, बाबांचा खांदाही तसाच वाट बघायला लावेल. आज रात्री ती टॉवेलची घडी तूच त्यांच्या दंडाखाली ठेव आणि फोटो पाठव, म्हणजे जाडी बरोबर आहे का ते मला बघता येईल.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, शर्ट घालताना उजवा हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी काढा. तुम्ही उलटं करता, शनिवारी मी पाहिलं.