खटखट पुन्हा बांधताना

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. माझ्या फिल्ममधला चादरीच्या कारखान्याचा प्रसंग ऐकून तू फोनवर विचारलंस, "आवाज खराब झाला म्हणाला होतास, मग हा कुठून आला?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

आधी काय बिघडलं ते सांगतो. पूर्व भागातल्या त्या कारखान्यात सकाळी माग बंद असताना मी काकांच्या बोलण्यावर माईकची पातळी लावली. मग वीस माग एकदम सुरू झाले आणि पातळी कमी करायचं राहून गेलं. घरी येऊन पाहिलं तर लहरींचे शेंडे सगळीकडे सपाट कापलेले. आवाज कमी केला तरी करकर तशीच राहते, कारण कापला गेलेला भाग फाईलमध्ये नसतोच. एखाद-दुसरा ठोका कापला गेला असता तर दुरुस्त करता आला असता, पण इथे दर सेकंदाला तेच होतं.

तरीही तो ट्रॅक मी पुसला नाही. त्यातला आवाज मेला होता, वेळ शाबूत होती. प्रत्येक ठोका नेमका कोणत्या फ्रेमवर पडतो ते त्यातून दिसत होतं. मोजलं तर दहा ठोक्यांना १२५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने मिनिटाला १२० ठोके. तो ट्रॅक मुका करून टाइमलाइनवर सगळ्यात वर ठेवला आणि त्याच्याखाली नवा आवाज बांधत गेलो.

पहिल्यांदा नेटवरचा तयार 'कारखान्याचा आवाज' लावून पाहिला. आपल्या कारखान्यात माणसं मागांच्या वरताण तेलुगूत ओरडून बोलतात, त्यात ते कुठून येणार? शेवटी रेकॉर्डर घेऊन पुन्हा गेलो. या वेळी सगळे माग चालू असतानाच पातळी लावली, सर्वांत मोठा ठोकाही उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी. दारात उभा राहून पाच मिनिटं एकूण गदारोळ घेतला, मग आत चार वेगवेगळ्या जागी थांबून थोडं थोडं.

जेवणाच्या सुट्टीत मालकांनी माझ्यासाठी एकच माग चालवला. तेव्हा कळलं की 'खट' हा एक आवाज नाही. धोटा मारला जातो तो एक, पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो तो दुसरा, आणि मग फणी बाणा ठोकते तो जड, बसका तिसरा. धोटा एकदा डावीकडून उजवीकडे जातो, पुढच्या वेळी उलटा. म्हणून जवळच्या मागाचे ठोके मी आळीपाळीने थोडे डावी-उजवीकडे सरकवले. एकच ठोका चिकटवत गेलो असतो तर बंदुकीसारखा ठक-ठक-ठक ऐकू आला असता. बारा वेगवेगळे ठोके निवडले आणि कुठलेही दोन सारखे लागोपाठ येऊ दिले नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो मागच्या गदारोळाने. आधी आठ सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवला होता. त्यात एका गाडीचा हॉर्न होता, तिसऱ्यांदा वाजला आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीच गाडी परत आली का?" मग ४७ आणि ६१ सेकंदांचे दोन तुकडे घेतले, हॉर्न कापले, जोडाच्या जागी दोन सेकंद एकमेकांत विरघळवले. लांबी वेगळी असल्यामुळे दोन्हींचा मेळ लवकर पुन्हा तसाच बसत नाही. कॅमेरा बाहेर गल्लीत आला की तोच गदारोळ ठेवला, फक्त वरच्या पट्टीतले आवाज छाटले. भिंतीआडून घुमच ऐकू येते.

कांडी बदलण्याचा आणि चादरीवर हात फिरवण्याचा आवाज घरी खोलीत घेतला होता. तो प्रसंगात वरून चिकटवल्यासारखा वाटत होता. कारखाना बंद असताना तिथे फुगा फोडून पत्र्याखालची घुम रेकॉर्ड केली आणि त्या घुमेतून हे आवाज काढले, तेव्हा कुठे ते त्या जागेचे वाटू लागले.

एक गोष्ट मात्र बांधली नाही, ती म्हणजे काकांचं बोलणं. त्यांच्या ओठांवर दुसरे शब्द बसवणं मला पटेना. त्यांच्या घरी बसून ते पुन्हा बोलले, आणि ते मी त्यांच्या हातांच्या दृश्यांवर ठेवलं. ओठ दिसतात तिथे फक्त माग वाजतो.

तुझ्या शेतातल्या चित्रीकरणाचा वाऱ्याने फाटलेला ट्रॅक पुसू नकोस. तो चित्रासकट मला पाठव. आणि पुढच्या वेळी तिथे जाशील तेव्हा कुणी बोलत नसताना पाच मिनिटं नुसतं शेत रेकॉर्ड करून आण.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सोलापूरचा मित्र