संपलं नव्हतं, मागे पडलं होतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुपरमार्केटमध्ये रोजच्या वस्तूसुद्धा मिळत नाहीत आणि यामागे कंपन्या मुद्दाम माल अडवून धरतात, असं आपल्या पत्रव्यवहारात दोन-तीन वाचकांनी लिहिलं आहे. मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात सतरा वर्षं माल उतरवून घेण्याचं आणि मांडण्या भरून घेण्याचं काम पाहिलं. त्या अनुभवावरून सांगते, की पुष्कळदा तो माल अडवलेला नसतो. गिऱ्हाईक उभं असतं तिथून पन्नास पावलांवर, मागच्या गोडाऊनमध्ये पडलेला असतो. हे कसं होतं ते वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

नाचणी सत्त्वाचं उदाहरण देते. ते माझ्याच देखरेखीखाली घडलं आणि अजून मनातून जात नाही. दोनशे ग्रॅमची पाकिटं चोवीसच्या बॉक्समध्ये यायची. मांडणीवर त्यांना जागा होती अठराची. मांडणीवर चार उरली तेव्हा भरणाऱ्या मुलाने बॉक्स फोडला, चौदा पाकिटं लावली आणि उरलेल्या दहांसह बॉक्स परत मागे नेऊन रॅकच्या वरच्या फळीवर ठेवला. त्यावर काही लिहिलं नाही. बॉक्सची छापील बाजू भिंतीकडे गेली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, दीडशेच्या वर बॉक्स उतरले आणि त्या फळीसमोर तेलाच्या आणि साबणाच्या खोक्यांची थप्पी लागली.

दिवसाला साधारण तीन पाकिटं खपायची. सहा दिवसांत मांडणी रिकामी झाली. सिस्टिममध्ये मात्र दहा शिल्लक दिसत होती, आणि ते खरंच होतं. नवी ऑर्डर आपोआप जायची ती शिल्लक आठवर आली की. इथेच सगळं अडकलं. मांडणीवर पाकीट नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून शिल्लक दहाच्या खाली येत नाही, आणि ती खाली येत नाही म्हणून ऑर्डर जात नाही. कोणी मध्ये हात घातला नाही तर ही अवस्था महिनोन्महिने तशीच राहते. कंपनी माल द्यायला तयार असते, डेपोत माल असतो, पण दुकानाकडून मागणीच जात नाही.

त्या काळात एक आजी नातवासाठी सत्त्व घ्यायला तीनदा येऊन गेल्या. आमचा मुलगा यंत्रात बघून म्हणायचा, "सिस्टिमला दाखवतंय, पण नाहीये." तिसऱ्या वेळी आजी मला म्हणाल्या, "बाई, मी बसने येते गं. नसेल तर नाही म्हणून सांगा, म्हणजे मी दुसरीकडे जाईन." त्या दिवशी मी स्वतः थप्पी हलवायला लावली. बॉक्स सापडला, त्यात दहाची दहा पाकिटं होती. मुदत संपायला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

यात त्या मुलाचा दोष फार थोडा. खरी चूक आधीच झालेली होती. चोवीसचा बॉक्स येणाऱ्या वस्तूला अठराचीच जागा दिली, की बॉक्स फोडल्यावर प्रत्येक वेळी काही ना काही मागे परत जाणारच. जागा निदान एक बॉक्स आणि वर थोडी असेल, तर मांडणीवर चार-पाच उरल्यावर अख्खा बॉक्स रिकामा होतो आणि मागे काही उरतच नाही. जागा वाढवता येत नसेल तर कंपनीकडे बारा नगांचा बॉक्स मागावा. काही वस्तूंचा तसा मिळतो, पण मागणारे थोडे.

आता दुसरा प्रकार. तो बाहेरून हुबेहूब असाच दिसतो, पण त्यात शोधून काही सापडत नाही. गाडी संध्याकाळी येते, ड्रायव्हरला पुढच्या दुकानात जायची घाई, दारात दोनच माणसं. बिलावर एका वस्तूचे तीन बॉक्स लिहिलेले असतात, उतरतात दोन, आणि घेणारा बिल बघून सही करतो. जीआरएनला, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत, तीन चढतात. चोवीस पाकिटं जी कधी आलीच नाहीत, ती हिशेबात कायमची बसतात. म्हणून माझ्याकडे नियम होता, की मोजणाऱ्याच्या हातात बिल द्यायचं नाही. त्याने कोऱ्या कागदावर मोजून आकडे लिहायचे, मग मी बिलाशी ताडून बघायचे. बिल समोर असलं की डोळा बिलावरचाच आकडा बघतो. वीस मिनिटं जास्त जातात, पण फरक तिथल्या तिथे निघतो आणि ड्रायव्हरच्या सहीने कमी मालाची नोंद होते.

दारात चुकलेलं ओळखायचं कसं? रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी एक यादी काढावी. एरवी रोज खपणारी, शिल्लक दाखवणारी, पण सलग तीन दिवस एकही न विकलेली वस्तू त्यात येते. ही यादी कागदावर घेऊन आधी मांडणी बघायची, मग गोडाऊन. माल सापडला तर दोष आपल्या मागच्या खोलीचा. नाही सापडला तर उतरवून घेताना, बिलिंगला किंवा चोरीत काहीतरी गेलं आहे, आणि शिल्लक त्याच दिवशी दुरुस्त करायची.

इथे दोन्हीकडून चूक होते. काही व्यवस्थापक शिल्लक दुरुस्तच करत नाहीत, कारण कमी केलेला प्रत्येक नग त्यांच्या नावावर तूट म्हणून दिसतो. महिनाअखेरीच्या आकड्यासाठी ते मांडणी रिकामी राहू देतात. याचा मला संताप येतो. दुसरे काही जण न शोधताच शिल्लक शून्य करतात. मग नवा बॉक्स येतो, मांडणी भरते, सगळं छान दिसतं. पण जुनी दहा पाकिटं मागेच असतात. वर नव्या बॉक्समधलीही काही उरून मागे जातात, गोडाऊन आणखी दाटतं आणि पुढचा बॉक्स हरवायला सोपं होतं. वर्षाच्या मोजणीत मग मुदत संपलेला माल पोत्याने निघतो.

हा आमच्याच दुकानाचा रोग होता असंही नाही. २००२ साली ग्रुएन, कॉर्स्टन आणि भारद्वाज या अभ्यासकांनी जगभरातल्या दुकानांची माहिती एकत्र करून पाहिली. सरासरी ८.३ टक्के वस्तू मांडणीवर नव्हत्या, आणि त्यामागच्या कारणांत सुमारे चौथा हिस्सा 'माल दुकानात आहे, पण मांडणीवर लावलेला नाही' याचा होता.

आजींच्या प्रसंगानंतर आम्ही केलेले बदल अगदी साधे होते. फोडलेल्या बॉक्ससाठी गोडाऊनच्या दाराशी एकच रॅक ठेवला. त्यासमोर गाडीचा माल लावायचा नाही, असा पट्टा जमिनीवर आखला. बॉक्सच्या पुढच्या बाजूला जाड मार्करने वस्तूचं नाव, उरलेले नग आणि तारीख लिहायची. नवा बॉक्स फोडण्याआधी त्या रॅकवर नजर टाकायची. सुरुवातीला मुलांना हे जाचक वाटलं, पण शोधाशोध कमी झाल्यावर तीच एकमेकांना टोकू लागली. त्या रॅकवरचे बॉक्स वाढू लागले, की कुठल्या वस्तूला मांडणीवर जागा कमी पडते तेही आपोआप कळायचं.

वाचकांना एक विनंती. मांडणी रिकामी दिसली तर नुसतं "आहे का?" विचारून परत फिरू नका. "सिस्टिमला किती दाखवतंय?" असं विचारा. आकडा शून्य असेल तर माल बहुधा खरोखर संपला आहे. पाच-दहा असेल, तर मागे फोडलेला बॉक्स आहे का ते बघायला सांगा, आणि नाहीच सापडला तर वस्तूचं नाव आणि वजन काउंटरवर लिहून द्या.

आपली,
एक निवृत्त गोडाऊनप्रमुख, चिंचवड