धुराड्यांचा बाजार सुरतेत चालतो, मग आपल्याकडे का नाही?

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

कारखान्यांचे बॉयलर आणि त्यांची धूर-नियंत्रण यंत्रणा हे माझे रोजचे काम. 2011 साली केंद्राने गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीचा प्रयोग करायचे जाहीर केले होते. धूलिकणांसाठी तो प्रत्यक्षात उतरला सुरतेत, सप्टेंबर 2019 मध्ये. म्हणून हे पत्र.

आजचा नियम असा आहे: चिमणीतल्या हवेत एका घनमीटरमागे ठरावीक मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण नकोत. तपासणी वर्षातून काही वेळा होते, आणि ती कधी येणार हे बहुतेकांना आधीच कळलेले असते! शिवाय हा नियम धुराची दाटी मोजतो. महिनाभरात एकूण किती किलो धूळ बाहेर गेली, हे त्यातून कळतच नाही.

सुरतेत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने किलो मोजायला घेतले. कोळसा-लिग्नाइट जाळणारे, मुख्यतः कापड रंगाई-छपाईचे 317 कारखाने निवडले आणि त्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाजारात घेतले, बाकीच्यांना जुनाच नियम ठेवला. बाजारातल्या सगळ्यांची मिळून कमाल मर्यादा महिन्याला 280 टनांपासून पुढे 170 टनांपर्यंत उतरवली. एक परवाना म्हणजे एक किलो धूळ. बहुतेक परवाने फुकट वाटले, उरलेले लिलावात विकले. मुदत संपताना जितकी धूळ सोडली तितके परवाने हातात हवेत; कमी पडले तर आधीच भरलेल्या अनामतीतून भरपाई कापली जाते.

यात पैसा कसा वाचतो? दोन काल्पनिक कारखाने घेऊ. दोघांनी महिन्याला 400-400 किलो धूळ कमी करायची आहे. पहिल्याकडे धूर गोल फिरवून त्यातली जाड धूळ खाली पाडणारा नुसता जुना सायक्लोन आहे. कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर बसवला तर त्याला किलोमागे 15 रुपये पडतात. दुसऱ्याकडे बॅग फिल्टर आधीच आहे, त्यामुळे आणखी खाली जायला त्याला किलोमागे 60 रुपये लागतात. सक्ती केली तर एकाचे 6,000 आणि दुसऱ्याचे 24,000, मिळून 30,000 रुपये. आता पहिल्याने एकट्याने 800 किलो कमी केले आणि आपले उरलेले 400 परवाने 35 रुपयांनी दुसऱ्याला विकले, तर? खर्च झाला 12,000. दुसऱ्याचे 24,000 ऐवजी 14,000 मध्ये भागले. पहिल्याने 12,000 घातले, 14,000 मिळवले. धूळ मात्र तितकीच, 800 किलो, कमी झाली.

कोणाचा फिल्टर स्वस्तात सुधारेल हे मंडळाच्या अधिकाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. ते ज्याच्या त्याच्या बॉयलरवाल्याला ठाऊक असते आणि परवान्याचा भाव त्याला तसे करायला लावतो. सुरतेतल्या अभ्यासात बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा 20 ते 30 टक्के कमी निघाली, आणि जवळपास सगळ्यांनी पुरेसे परवाने जमा केले.

‘पैसे भरा आणि धूर सोडा’ असा आक्षेप येईल. विकत घेणारा जितके जास्त सोडतो तितके विकणाऱ्याने कमी केलेले असते. एकूण आकडा मर्यादेतच राहतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. धूळ जवळच पडते. विकत घेणारे सगळे एकाच वस्तीला लागून असतील, तर शहराची बेरीज सुधारूनही त्या वस्तीचा खोकला वाढेल. म्हणून बाजाराचे क्षेत्र एका औद्योगिक पट्ट्यापुरते ठेवावे, आणि प्रत्येक चिमणीची आजची मर्यादा परवाना असला तरी मोडता येणार नाही अशी अट घालावी.

बाजार फसतो तो दोन ठिकाणी. पहिले, मर्यादा सैल ठेवली की. युरोपच्या कार्बन बाजारात 2005 ते 2007 या पहिल्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त परवाने वाटले आणि 2007 मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. परवान्याचा भाव ठरवून दिलेल्या किमान दराला चिकटून बसला, तर मर्यादा नुसती कागदावर आहे असे समजावे. दुसरे, यंत्र. बॉयलर चालू आणि मोजणी बंद, हे आमच्या धंद्यात नवे नाही. यंत्र बंद असलेल्या तासांचे उत्सर्जन त्या कारखान्याच्या सर्वांत वाईट नोंदीइतके धरावे. मग यंत्र चालू ठेवण्याची घाई मालकालाच होईल. कोळशाच्या खरेदीशी आकडे ताडून पाहिले की उरलेली लबाडीही उघडी पडते.

तारापूर किंवा इचलकरंजीसारख्या एका पट्ट्यापासून सुरुवात करावी. पहिले काही महिने नुसती मोजणी करावी, मर्यादा तिच्यावरून ठरवावी, कारखानदारांच्या अंदाजावरून नाही. आणि प्रत्येक मुदतीची मर्यादा, परवान्याचा भाव व चिमणीनिहाय किलो मंडळाने मराठीत जाहीर करावेत, म्हणजे शेजारी राहणाऱ्यांनाही ते तपासता येतील.

आपला,
एक बॉयलर अभियंता